कागदावर नुसतं "५" लिहिलंय, मग बाटलीतून किती द्यायचं?

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची, वजन ११ किलो, रात्रीपासून १०२ ताप. सहा-सात महिन्यांपूर्वीचा डॉक्टरांचा कागद आहे, त्यावर "पॅरासिटामॉल ५, दिवसातून ३ वेळा" एवढंच आहे. ती बाटली संपली. नवीन आणली तिच्यावर "२५० एमजी / ५ एमएल" लिहिलंय. घरात जुने ड्रॉप्स पण आहेत, त्यावर "१०० एमजी / एमएल". मैत्रीण म्हणते ५०० ची अर्धी गोळी चुरून दे. ५ म्हणजे एमएल की एमजी? समजत नसेल तर थोडं कमीच दिलेलं सेफ ना?

उत्तर:

ताई, आधी आत्ताचं बोलते, कारण तुम्ही बाटली हातात घेऊन बसला असाल. त्या कागदावरच्या ५ वरून यातलं काहीच देऊ नका. सिरपही नको, ड्रॉप्सही नको, अर्धी गोळी तर नकोच. तुमच्या डॉक्टरांना, ते नाही मिळाले तर ड्युटीवरच्या कुठल्याही डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला फोन लावा. तोपर्यंत अर्धा-एक तास ताप राहिला तरी त्या तापाने नुकसान होत नाही. अंगावरचे जाड कपडे काढा, थोडं थोडं पाणी किंवा दूध पाजत रहा. मात्र मुलगी हाक मारून नीट जागी होत नसेल, झटका आला असेल, श्वास जोरात किंवा ओढून घेत असेल, मान ताठ वाटत असेल, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके असतील, किंवा बऱ्याच तासांत लघवीच झाली नसेल तर फोनबिन सोडा, डोसचा विचार सोडा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आता सविस्तर. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत बावीस वर्षं आहे, त्यातली बरीचशी लहान मुलांच्या वॉर्डसाठी डोस तपासण्यात गेली. तुम्ही विचारलंय एमएल की एमजी, पण मला वाटतं खरी अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. तो ५ त्या दिवशीच्या वजनासाठी आणि त्या दिवशीच्या बाटलीसाठी लिहिलेला होता. त्यातली एकही गोष्ट आज तुमच्यासमोर नाही. बाटली संपली आणि वजन वाढलं. म्हणजे तो आकडा आता कशाचाच नाही, एमएल धरा नाहीतर एमजी धरा.

हे नीट डोक्यात बसावं म्हणून तिन्ही आकडे काय काम करतात ते सांगते. एमजी म्हणजे औषध किती, शरीराला कळतं ते फक्त हेच. एमएल म्हणजे पातळ पदार्थ किती, म्हणजे सिरिंजमध्ये कुठल्या रेघेपर्यंत ओढायचं ते. आणि बाटलीवरचं "इतके एमजी / इतके एमएल" हे त्या दोघांना जोडणारं, त्याला आम्ही स्ट्रेंग्थ म्हणतो. डॉक्टर मनात एमजीचा हिशोब करतात, आईबाप हातात एमएल मोजतात, आणि मधली स्ट्रेंग्थ कागदावर लिहायची राहून जाते. गडबड होते ती याच जागी. गोळीचंही तेच आहे, "एक गोळी" हा डोस नाही, कारण पॅरासिटामॉलची गोळी ३२५ ची असते, ५०० ची असते, ६५० ची पण असते.

आता तुमच्याच घरातल्या वस्तू घेऊन हिशोब करू. हा हिशोब तो ५ किती फिरतो हे दाखवायला आहे, यावरून मोजून देण्यासाठी नाही, ते फोनवर पक्कं करायचंय.

मुलांना पॅरासिटामॉल साधारणपणे एका वेळी किलोमागे १० ते १५ एमजी देतात, दोन डोसांत कमीत कमी चार ते सहा तासांचं अंतर ठेवून, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ११ किलोला हे एका वेळचे ११० ते १६५ एमजी होतात. दिवसभराचं सगळं मिळून किलोमागे ६० एमजीची मर्यादा धरली तर ६६० एमजी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, एका वेळी साधारण दीडशेच्या आसपास आणि दिवसाला साडेसहाशेच्या आत.

आता तो ५ म्हणजे ५ एमएल धरला तर काय होतं बघा. सिरप १२० एमजी / ५ एमएल वालं असतं तर ५ एमएलमध्ये १२० एमजी गेलं असतं, म्हणजे ठीक. तुम्ही आणलेली बाटली २५० वाली आहे, तिच्यातून ५ एमएल म्हणजे २५० एमजी, किलोमागे जवळजवळ २३. एकदाच गेलं तर बहुतेक मुलं ते सहन करतात, पण कागदावर "३ वेळा" आहे, म्हणजे दिवसाला ७५० एमजी झालं, तीन डोसांतच ६६० ची रेघ ओलांडली. ताप उतरला नाही म्हणून रात्री चौथा दिला तर १००० एमजी, किलोमागे ९१. आणि चुकून ड्रॉप्समधून ५ एमएल दिलं तर एका वेळी ५०० एमजी जातं, हा मोठ्या माणसाच्या एका गोळीइतका डोस झाला, दीड वर्षाच्या मुलीला. तीन वेळा म्हणजे १५०० एमजी, किलोमागे १३६. इथे आम्ही "बघू, वाट पाहू" म्हणत नाही.

तो ५ म्हणजे ५ एमजी धरला तर उलटं. १२० वाल्या सिरपचं ते पाव एमएलसुद्धा होत नाही, जिभेवर चव लागेल तेवढंच. म्हणजे ५ एमजी नक्कीच नव्हतं, एवढं मी ठामपणे सांगू शकते. पण "एमजी नव्हतं" म्हणजे "मग एमएल, मग ओता" असं होत नाही, कारण कुठल्या बाटलीतलं एमएल हा प्रश्न तसाच राहतो.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. दोन बाटल्या शेजारी ठेवा. एकीवर २५०, दुसरीवर १००. कुणालाही वाटेल १०० वाली सौम्य आहे, त्यातून ड्रॉप्स म्हणजे तान्ह्या बाळांचं, मग तर अजूनच सौम्य. पण पहिलीवर "/ ५ एमएल" आहे आणि दुसरीवर "/ एमएल". दोन्ही एका एमएलवर आणा. २५० भागिले ५, एका एमएलमध्ये ५० एमजी. ड्रॉप्सच्या एका एमएलमध्ये १००. म्हणजे ड्रॉप्स दुप्पट तेज आहेत. ते मुद्दाम तसे बनवतात, तान्ह्या बाळाच्या तोंडात जास्त पातळ मावत नाही, म्हणून थोडक्या थेंबांत औषध भरतात. लहान बाळाचं म्हणून हलकं, हा समज मी सुशिक्षित, डोकं शाबूत असलेल्या लोकांतही पाहिलाय. २०११ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी याच घोळामुळे पॅरासिटामॉलचे (तिकडे त्याला असिटामिनोफेन म्हणतात) तेज ड्रॉप्स बंद करायचं ठरवलं आणि बाळांचं आणि मोठ्या मुलांचं एकाच स्ट्रेंग्थवर आणलं, १६० एमजी / ५ एमएल. म्हणजे घोळ तुमचा एकटीचा नाही, औषध बनवणाऱ्यांनाही तो मान्य करावा लागला.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूक सांगते, ती सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, संध्याकाळी काउंटरवर गर्दी, आणि फोन आला. एक बाबा विचारत होते, कागदावर ५ लिहिलंय तर ५ एमएलच ना? मी कानाला फोन लावून दुसऱ्याच्या गोळ्या मोजत होते, म्हटलं हो हो, पाच एमएल. माझ्या डोळ्यासमोर सिरपची बाटली होती, कारण आमच्याकडे तीच जायची. त्यांच्या हातात होते ड्रॉप्स. बाटलीसोबतचा ड्रॉपर हरवला होता म्हणून त्यांनी दुसऱ्याच औषधाचं मापाचं झाकण घेतलं, त्यावर ५ ची रेघ होतीच. दोन डोस गेले. तिसऱ्या वेळी बाटली जवळजवळ रिकामी झालेली पाहून त्यांनाच शंका आली, इतक्या लवकर कशी संपली, आणि त्यांनी परत फोन केला. त्या माणसाचं नशीब आणि माझंही, की बाटली छोटी होती. मुलाला ॲडमिट केलं, रक्त तपासलं, औषध सुरू केलं, मूल ठीक घरी गेलं. पण मी "हो हो" म्हणाले होते हे खरंच. मी चुकीचा आकडा सांगितला नव्हता, मी बाटली कुठली हे विचारलं नव्हतं. त्यानंतर आजपर्यंत फोनवर कुणी डोस विचारला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, बाटली हातात घ्या आणि वाचून दाखवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कमी दिलं तर सेफ ना? ऐकायला बरोबर वाटतं, पण कशापेक्षा कमी? ५ एमएल जास्त वाटलं म्हणून ड्रॉप्समधून निम्मं, अडीच एमएल दिलं तर गेलं २५० एमजी, तरीही जास्तच. मैत्रिणीची ५०० ची अर्धी गोळी, तीही २५०. म्हणजे दोन्ही "सावध" अंदाज एकाच चुकीच्या जागी येऊन थांबतात. त्यात गोळी चुरताना दोन अर्धुकं सारखी होत नाहीत, आणि इतक्या लहान मुलीच्या घशात चुरा किंवा तुकडा अडकायची भीती वेगळीच.

दुसऱ्या बाजूने अगदीच कमी दिलं, समजा ड्रॉप्सचं १ एमएल असं कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही १२० वाल्या सिरपचं १ एमएल दिलं, तर गेलं २४ एमजी. ताप हलत नाही. मग काय होतं? तासाभराने परत देतात, मग आजी दुसऱ्या बाटलीतून देते, मग सर्दीचं औषध देतात त्यातही पॅरासिटामॉल असतंच, आणि सकाळी कुणालाच सांगता येत नाही की रात्रीतून एकूण किती गेलं. माझ्याकडे आलेल्या जास्त डोसच्या केसेसमध्ये एकदम भसकन ओतलेल्या कमी होत्या, अशा थोड्याथोड्याने साठलेल्याच जास्त होत्या. कमी डोसचा अंदाज हा जास्त डोसचा रस्ता होऊ शकतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत अंदाज का नको याचं अजून एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बरोबर डोसमध्ये हे खरंच चांगलं, सुरक्षित औषध आहे, उगाच घाबरायचं कारण नाही. लिव्हर त्यातला बहुतेक भाग सरळ मार्गाने बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो, आणि लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य असतं ते त्याला लगेच निकामी करतं. ग्लुटाथायोनचा साठा मर्यादित असतो. औषध जास्त गेलं की विषारी भागही जास्त बनतो, साठा संपतो, आणि मग तो विषारी पदार्थ लिव्हरच्या पेशींनाच धरतो. जे मूल दोन-तीन दिवस तापात आहे, धड खात नाही, उलट्या होतायत, त्याचा हा साठा आधीच उतरलेला असतो. म्हणजे ज्या मुलाला औषध वारंवार दिलं जातं नेमकं त्याचंच लिव्हर कमी सहन करतं. म्हणून एका निरोगी मुलाने एकदा किती पचवलं यावरून आजारी मुलाचं ठरवता येत नाही.

आणि हे सगळं होत असताना बाहेरून काही दिसत नाही. पहिल्या दिवशी मूल नुसतं मलूल, भूक नाही, एखादी उलटी, आणि हे सगळं तापातही होतंच ना. कधी तर ताप उतरल्यामुळे मूल छान खेळायला लागतं. लिव्हरच्या तपासण्या बिघडायला साधारण एक दिवस उलटून जातो, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, कावीळ हे त्याच्याही नंतर. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन म्हणून, आणि तो चांगलाच आहे, पण औषध जास्त गेल्यापासून पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. उशिरा दिला तरी देतातच, पण ती सकाळ आणि ती दुपार यात फरक पडतो. म्हणून "काही त्रास दिसला तर जाऊ" हा नियम या औषधाला लागू नाही.

तुम्ही आधीच काही दिलं असेल तर, आणि रात्रीपासून ताप आहे म्हणजे दिलं असण्याची शक्यता आहे, तर लपवू नका आणि स्वतःला दोष देत बसू नका, बेरीज करा. गेल्या चोवीस तासांत कुठल्या बाटलीतून किती एमएल, किती वाजता, आणि इतर कुठल्या औषधात पॅरासिटामॉल होतं का. सगळं एमजीमध्ये आणा आणि ११ ने भागा. दिवसाचा आकडा किलोमागे ७५ च्या वर जात असेल तर मूल कितीही ठणठणीत दिसत असलं तरी आजच डॉक्टरांशी किंवा विष नियंत्रण केंद्राशी बोला. १५० कडे जात असेल किंवा वर असेल तर बोलत न बसता हॉस्पिटलमध्ये जा. बेरीज लागतच नसेल तर तेही जाण्याचंच कारण धरा. उलटी करवू नका, मिठाचं पाणी वगैरे तर मुळीच नाही. बाटल्या सोबत न्या, रिकाम्या सुद्धा. तिथे औषध एकदाच गेलं असेल तर चार तासांनी रक्तातलं प्रमाण मोजतात, आणि ते तक्त्यावर ठेवून ठरवतात. थोडं थोडं बऱ्याच वेळा गेलं असेल तर तो तक्ता चालत नाही, मग लिव्हरच्या तपासण्या आणि तुमच्या वेळांची यादी यावरच निर्णय होतो. म्हणून वेळा आठवून लिहा, "साधारण दुपारी" पेक्षा "जेवणाच्या आधी, दोनच्या सुमारास" हे आम्हाला फार कामाचं असतं.

आता कुणी म्हणेल, इतकं कळतंय तर तूच सांग ना आकडा. खरं सांगते, माझा अंदाज आहे. सहा-सात महिन्यांपूर्वी मुलगी ८-साडेआठ किलोची असेल, ५ एमएल लिहिलं असेल तर १२० वाल्या सिरपचंच असणार, म्हणजे १२० एमजी, किलोमागे १४. हिशोब छान जुळतो. पण जुळला म्हणून तो खरा झाला का? त्या वेळी दुसऱ्याच स्ट्रेंग्थचं सिरप लिहिलेलं असू शकतं, पॅरासिटामॉलमध्ये आयबुप्रोफेन मिसळलेलं जोड औषध असू शकतं, एकाच ब्रँडच्या नावाने साधं, डबल स्ट्रेंग्थ, ड्रॉप्स आणि जोड औषध असं सगळं विकलं जातं आणि खोकी एकसारखी दिसतात. आणि मला दिसत नाही ते वेगळंच. मुलीला लिव्हरचा काही त्रास आहे का, वजन खरंच ११ आहे का की महिन्यापूर्वीचं, ताप कितव्या दिवशीचा आहे, ती पाणी पितेय का, दुसरं काही औषध चालू आहे का. यातल्या एकेका गोष्टीने माझं उत्तर बदलतं. कॅल्क्युलेटर माझ्याकडेही आहे, पण समोर मूल नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर त्यांना हा वरचा हिशोब लागूच होत नाही. त्या वयात ताप म्हणजे आधी डॉक्टर, औषध नंतर. औषधाने ताप झाकला जातो आणि शोधायची गोष्ट लपते.

तर फोनवर काय बोलायचं. लोक फोन करतात आणि विचारतात "पाच द्यायचं का?", आणि समोरचाही माझ्यासारखा घाईत असेल तर हो म्हणून मोकळा होतो. तुम्ही असं विचारूच नका. बाटली उजेडात धरा आणि हे म्हणा: "माझी मुलगी दीड वर्षाची, आज वजन ११ किलो. हातात पॅरासिटामॉल सिरप आहे, लेबलवर २५० एमजी प्रति ५ एमएल आहे. गेल्या चोवीस तासांत अमुक इतकं दिलंय. एका वेळी किती एमजी, आणि या बाटलीतून ते किती एमएल? किती तासांनी, आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा?" मग उत्तर परत वाचून दाखवा, दोन्ही आकडे. एमजी आणि एमएल दोन्ही मिळाले की ते एकमेकांशी जुळतात का हे तुम्हालाच तपासता येतं. समजा ते म्हणाले १५० एमजी, ३ एमएल, तर तुमच्या बाटलीत एका एमएलमध्ये ५०, तीन पन्नास दीडशे, जुळलं. १५० एमजी, ५ एमएल असं सांगितलं तर ते वेगळी बाटली धरून बोलतायत, तिथल्या तिथे थांबवा आणि लेबल परत वाचा. याला उद्धटपणा म्हणत नाहीत, उलट आम्हाला बरं वाटतं.

आकडा लिहून घेताना टिंबाकडे लक्ष द्या. अर्धा एमएल लिहायचा तर ०.५ असाच लिहा, नुसतं .५ लिहिलं तर टिंब पुसट होऊन ५ दिसतं आणि दहापट डोस होतो. आणि पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य लावू नका, ५.० चं ५० वाचणारे मी पाहिलेत.

मोजायचं कशाने, तर तोंडाने द्यायच्या सिरिंजने, फार्मसीत मिळते, सुई नसलेली. घरातला चहाचा चमचा म्हणजे ५ एमएल हे कागदावर खरं आहे, चमच्यात नाही, कुठल्यात तीन मावतं कुठल्यात सात. एका बाटलीचा ड्रॉपर किंवा झाकण दुसऱ्या बाटलीला वापरू नका, माझ्या त्या बाबांसारखं होतं. देण्याआधी बाटली खरंच जोरात हलवा, सस्पेन्शन असेल तर औषध तळाला बसलेलं असतं, न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे दाट, म्हणजे लेबलवरची स्ट्रेंग्थही खोटी ठरते. सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरून दट्ट्याची वरची कड रेघेला लावा, बुडबुडा असेल तर काढा, आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. दिल्यावर लगेच ओकली तर परत पूर्ण डोस देऊ नका, किती पोटात राहिलं हाही पुन्हा अंदाजच, परत फोन करा.

ते जुने ड्रॉप्स कधी उघडले होते तुम्हाला आठवत नसेल बहुतेक. नसेल आठवत तर फार्मसीत परत नेऊन द्या, घरात दोन स्ट्रेंग्थच्या बाटल्या असल्या की रात्री तीन वाजता झोपेत कुठली हातात येईल सांगता येत नाही. आणि त्या जुन्या कागदावर पेनने काट मारा. नवीन बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: आजची तारीख, वजन ११ किलो, एका वेळी इतके एमजी = इतके एमएल, मधलं अंतर इतके तास. खाली दिलेल्या वेळा लिहीत जा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी उठलं तर त्याला तुम्हाला उठवून विचारावं लागणार नाही. वजन अर्धा-एक किलोने वाढलं किंवा बाटली बदलली की ती पट्टी काढायची आणि परत विचारायचं.

फोन झाला की काय सांगितलं ते इथे लिहा, एमजी आणि एमएल दोन्ही, मी रात्री दहापर्यंत बघतेय.